कोनाड्यातला दिवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गेल्या पत्रात तू विचारलंस, की कुरआनातल्या सूरह नूरच्या पस्तिसाव्या आयतीत एका उजेडासाठी एवढं सामान कशाला? ती आयत पुन्हा समोर ठेवतो: अल्लाह आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश आहे. त्याच्या प्रकाशाची उपमा अशी, की जणू एक कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिवा काचेत, काच जणू लखलखता तारा. दिवा जळतो तो मंगल जैतून झाडाच्या तेलावर. ते झाड ना पूर्वेचं ना पश्चिमेचं, आणि तेल असं की आगीचा स्पर्श नसतानाही उजळू पाहतं. प्रकाशावर प्रकाश.

मूळ शब्द 'मिश्कात'. जुने भाष्यकार सांगतात, भिंतीतली अशी पोकळी जी पलीकडे उघडत नाही. म्हणजे अगदी आपला कोनाडा. खिडकीत दिवा ठेवला तर निम्मा उजेड बाहेर जातो, कोनाड्यातला सगळा खोलीत येतो.

पण 'त्याच्या प्रकाशाची' म्हणजे कुणाच्या? इथेच वाटा फुटतात. भाष्यकार तबरीने नोंदवलेल्या एका मतात, प्रेषितांचे सोबती उबय्य इब्न काब तो प्रकाश श्रद्धावंताचा मानतात: कोनाडा म्हणजे त्याची छाती, काच म्हणजे हृदय आणि दिवा म्हणजे आत ठेवलेलं कुरआन व ईमान.

झाडाबद्दल काहींनी शेतकऱ्यासारखा विचार केला. नुसतं सकाळचं किंवा नुसतं संध्याकाळचं ऊन मिळणारं झाड नव्हे, तर उघड्यावरचं, दिवसभर उन्हातलं. म्हणून तेल नितळ. जुने विद्वान हसन बसरी मात्र म्हणाले, हे झाड या जगातलं नाहीच. असतं तर पूर्वेचं किंवा पश्चिमेचं असतं.

मला सगळ्यांत भावतो तो विचारवंत गझाली (मृत्यू 1111). 'मिश्कात अल-अन्वार' या ग्रंथात तो या पाच वस्तूंत माणसाच्या पाच शक्ती पाहतो. कोनाडा म्हणजे इंद्रियं, दिवा बुद्धी, फांद्या फुटत जाणारं झाड म्हणजे विचार, आणि आपसूक उजळू पाहणारं तेल म्हणजे प्रेषितांची पवित्र शक्ती. काच म्हणजे कल्पनाशक्ती. ही जोडी मला आधी पटली नव्हती, कारण कल्पना भरकटवते अशीच माझी समजूत. गझाली म्हणतो, काचही मुळात जड, अपारदर्शक मातीचीच. ती शुद्ध करून घासली की उजेड अडवत नाही, उलट वाऱ्यापासून ज्योत राखते. उपमा आणि प्रतिमांच्या आधाराशिवाय बुद्धीतलं ज्ञान डळमळतं, हे त्याचं म्हणणं.

गंमत नाही, आश्चर्यच वाटलं: ज्या तत्त्वज्ञ इब्न सीनावर गझालीने कडक टीका केली, त्यानेही आधी असंच वाचन केलं होतं. पण त्याने काचेला कल्पना म्हटलं नाही. ती बुद्धीचीच दुसरी पायरी. तेल म्हणजे चटकन उमजणं, आणि आग म्हणजे माणसाबाहेरची क्रियाशील बुद्धी. म्हणून मी 'उजळू पाहतं' या शब्दांपाशी अडतो. मूळ 'यकादु' म्हणजे 'होण्याच्या बेतात'. तेल कितीही नितळ असो, आयतीत ते उजळलं असं म्हटलेलं नाही.

तुझी ती जुनी टीका-टिप्पणीची वही पुढच्या भेटीत आण. 'तारा' या शब्दावर तू काय लिहिलं होतंस, ते मला पुन्हा वाचायचंय.

तुझाच