पोंगलचं मडकं आणि अंगण: सभासदांसाठी सूचना

अंगणातल्या मांडणीचा क्रम पाळा: आधी ऊस, मग कोलम, शेवटी मडकं. कोलम आधी काढलात तर ऊस बांधताना पायाखाली पुसला जातो.

वाढ्यांसकट तीन ऊस घ्या. बुंधे चुलीच्या विटांपासून दोन-अडीच हात लांब रोवा आणि वाढ्यांखाली एकत्र बांधा. बुंधे जवळ रोवले की वाढी धगीत येतात, मडकं उतू जाण्याआधीच करपतात.

कोलमसाठी अंगण आदल्या संध्याकाळी झाडून सडा घाला. जमीन ओलसर हवी. पाणी साचलं असेल तर पिठाच्या गुठळ्या होतात, कोरडी असेल तर पीठ वाऱ्याने उडतं. तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीतून तांदळाचं पीठ सोडा. ठिपके मांडताना चुलीची जागा मधोमध मोकळी ठेवा, बाहेरून काव फिरवा.

नवं मातीचं मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडंच चुलीवर ठेवलं तर तडकतं. सकाळी पुसून हळद-कुंकू लावा. हळदीचं रोप गड्डा आणि पानांसकट हवं, सोबत आल्याचं रोपही. दोन्ही मडक्याच्या गळ्याला, काठाच्या अगदी खाली बांधा, म्हणजे गाठ वर सरकत नाही. गड्डे बाजूला, पानं वरच्या अंगाला वळलेली. पोटावर बांधलेली रोपं घसरून जाळावर येतात. दोरा सुतीच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. मडकं रिकामं असतानाच बांधा. दूध-पाणी भरल्यावर ते हलवणं जड जातं.