गणपतीला कोणाला काय सांगायचे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारले, की गणपतीला सगळे जमतील तेव्हा माझ्या घटस्फोटाविषयी कोणाला काय सांगायचे. मला लगेच उत्तर सुचले नाही, कारण मैत्रिणींना हीच बातमी सांगताना मी आधी चांगलीच चुकले होते.

एप्रिलमध्ये मी कॉलेजच्या ग्रुपवर ‘आमचे सध्या थोडे अवघड चालले आहे, समजून घ्या’ एवढेच लिहिले. तो नोकरीसाठी बंगळुरूला राहतो, असेच तोवर सगळ्यांना वाटत होते. एकीला पैशांची अडचण वाटली, दुसरीने समुपदेशकाचा नंबर पाठवला आणि तिसरीने थेट त्यालाच फोन करून ‘एकदा भेटून बोला’ म्हणून गळ घातली. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. लग्न अजून सावरता येईल असे माझ्याच वाक्यावरून वाटत होते, मग मैत्रिणी ते सावरायलाच धावणार.

जूनमध्ये कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाल्यावर मी पुन्हा सांगितले. जवळच्या तिघींना एकाच संध्याकाळी फोन केले, म्हणजे कोणालाही ते दुसरीकडून कळू नये, आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी हा निरोप पाठवला: ‘आम्ही दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला आहे. वर्षाहून अधिक काळ वेगळे राहतो आहोत आणि निर्णय पक्का आहे, तेव्हा फेरविचाराचा सल्ला नको. कारणांविषयी मी बोलणार नाही. त्याच्याशी तुमची मैत्री असेल तर ती तशीच राहू द्या. ओवीला आम्ही सांगितले आहे, पण तिला कोणी काही विचारू नका. मला नेहमीसारखे बोलावत जा. यायचे की नाही ते मी ठरवीन.’

यातले ‘अर्ज केला आहे’ हे शब्द मी जपून वापरले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते, मग दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर संमती सांगायची असते, आणि तोपर्यंत कोणीही एक जण ती मागे घेऊ शकतो. न्यायालय ही मुदत कधी कधी माफ करते, पण आम्ही तशी विनंती केलेली नाही. म्हणजे डिसेंबरची तारीख होईपर्यंत कायद्याने आम्ही नवरा-बायकोच आहोत. आतापासूनच ‘झाला’ म्हटले, तर पुढच्या प्रत्येक तारखेला नव्याने खुलासे करावे लागतील. कारणे न लिहिण्यामागेही हेच आहे. मी त्याच्याविषयी लिहिलेले एखादे कडवट वाक्य फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेले आणि तो संमतीवर अडून बसला, तर इतक्या महिन्यांचे सगळे पाण्यात जाईल.

निरोपातले शेवटचे वाक्य मला अनुभवाने सुचले. मे महिन्यात एका मैत्रिणीच्या मुलीचे बारसे झाले आणि मला बोलावणेच आले नाही. मला त्रास होईल म्हणून बोलावले नाही, असे तिने नंतर सांगितले. जूनच्या निरोपानंतर मात्र आमंत्रणे पुन्हा येऊ लागली. तरीही सगळ्यांनी ऐकले असे नाही. एकीने दोनदा ‘पण नेमके झाले काय?’ असे विचारले. मी दोन्ही वेळा तेच वाक्य सांगितले, ‘त्याविषयी मी बोलणार नाही’, आणि तिच्या आईच्या कुरड्यांची चौकशी सुरू केली. दर वेळी नवे उत्तर दिले की समोरच्याला वाटते, अजून थोडे विचारले तर आणखी कळेल.

बाबा, ‘जावई कामामुळे येऊ शकले नाहीत’ असे म्हणावे, हे तुम्ही सुचवलेत त्यामागची काळजी मला कळते. पण मी वर्षभर तेच केले होते. शिवाय ओवी सात वर्षांची आहे; कट्ट्यावरच्या कोणी तिला ‘बाबा कधी येणार?’ विचारले, तर ती खरे सांगेल आणि तुम्ही तिच्यासमोर खोटे ठराल.

मला वाटते, मोठ्या काकांना बाबांनी आणि मावशीला आईने गणपतीच्या आठ दिवस आधी स्वतः फोन करावा. आरतीच्या गर्दीत सांगू नये. एवढेच म्हणावे: ‘दोघांनी मिळून वेगळे व्हायचे ठरवले आहे आणि कोर्टात अर्ज दिला आहे. ती बरी आहे. ओवीसमोर हा विषय काढू नका, आणि मनूला समजावायला जाऊ नका.’ कोणी कारण विचारले तर ‘ते त्या दोघांचे आहे’ म्हणावे आणि पुन्हा विचारले तरी तेच. बाकीच्यांना मावशी सांगेल; तिला तसे मोकळेपणाने सांगून ठेवा, नाहीतर ती बिचारी आमच्यासाठी गुपित सांभाळत बसेल.

मी आणि ओवी चतुर्थीच्या आदल्या रात्री पोहोचतो. मावशीशी काय बोलणे झाले ते त्याआधी फोनवर सांगा, म्हणजे तिला भेटल्यावर मी वेगळे काही बोलणार नाही.

तुमची,
मनू