कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात निकाल लागले की आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांकडे दोन-चार पालक प्रगतिपत्रक घेऊन येतातच. यंदा मात्र ते माझ्याच घरातून आले. पुतण्याची बदली झाली, म्हणून इंदूरहून त्याचे कुटुंब डिसेंबरअखेर कराडला आले आणि त्याची मुलगी नववीच्या वर्षाच्या मध्यात राज्य मंडळाच्या शाळेत दाखल झाली. इंदूरची शाळा केंद्रीय मंडळाची. निकालाच्या दिवशी ती घरात आली ती दप्तर फेकूनच. "आबा, मराठीत मला ५३ मिळालेत, आणि निकालात २७ लिहून नापास केलंय."

प्रगतिपत्रक पाहिले. मराठी : २७, शेरा : अनुत्तीर्ण. खाली एकूण टक्के ६६.३३. पेपर पस्तीसच्या वर आणि निकाल पस्तीसच्या खाली, असा हा प्रकार.

तीस वर्षे गणित शिकवले, त्यातली बरीच वर्षे शाळेचा परीक्षा विभाग सांभाळला. त्यामुळे चूक कुठे झाली हे कळायला वेळ लागला नाही. वर्षाच्या मध्यात शाळा बदललेल्या मुलांच्या निकालात ही चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून हे पत्र.

इंदूरच्या शाळेत सप्टेंबरमध्ये सहामाही झाली होती. पाच विषय, प्रत्येकी ८० गुण. इंग्रजी ६८, हिंदी ६२, गणित ६०, विज्ञान ५८, सामाजिक शास्त्रे ६४. एकूण ४०० पैकी ३१२, म्हणजे ७८ टक्के. मराठी हा विषय तिथे नव्हताच. इथल्या शाळेत दुसऱ्या सत्रात सहा विषय, प्रत्येकी १०० गुण : इंग्रजी ७४, हिंदी ७०, गणित ६६, विज्ञान ६८, सामाजिक शास्त्रे ७१, मराठी ५३. एकूण ६०० पैकी ४०२, म्हणजे ६७ टक्के. नववीचा वार्षिक निकाल ही शाळा दोन्ही सत्रांची बेरीज करून दोनाने भागून लावते. एकाच शाळेत वर्ष काढणाऱ्या मुलाला हे सरळ लागू पडते. या मुलीच्या बाबतीत दोन सत्रे दोन वेगळ्या मापांनी मोजलेली आहेत आणि एका विषयाचे पहिले माप नाहीच.

या दोन कागदांतून मी त्या संध्याकाळी चार निकाल काढून दाखवले. पहिली रीत म्हणजे सगळे मिळवलेले गुण आणि सगळे एकूण गुण एकत्र करायचे : १००० पैकी ७१४, म्हणजे ७१.४ टक्के. दुसरी रीत, दोन टक्केवाऱ्यांची सरासरी : ७८ आणि ६७ ची ७२.५. तिसरी, विषयवार. चौथी शाळेने वापरलेली. पुतण्या म्हणाला, "काका, मग ७२.५ च धरा की!" बापाला चांगला आकडा आवडणारच. पण आवडला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

पहिल्या रीतीत अडचण अशी की सत्राचे वजन कागदावर छापलेल्या एकूण गुणांनी ठरते. इंदूरच्या शाळेने ८० चा पेपर घेतला म्हणून तिथले अर्धे वर्ष ४०० चे झाले आणि इथले ६०० चे. उद्या एखाद्या शाळेने सहामाही ५० गुणांची घेतली, तर तिथे घालवलेले सहा महिने आणखी हलके होणार. मुलीने अभ्यास तेवढाच केला. शाळेने प्रश्नपत्रिका केवढी काढली याचा तिच्या वर्षाशी संबंध नाही. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला असेच निकाल लावले आहेत, निकालपत्रकात पेन्सिलीने बेरजा मांडून. पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "सर, शेर आणि किलो एकत्र कसे मोजलेत?" तेव्हा लख्ख उजेड पडला.

दुसरी रीत दिसायला न्यायाची, कारण दोन्ही सत्रांना समान वजन मिळते. पण तिच्यात मराठीचे वजन गळते. पहिल्या सत्राचे ७८ टक्के पाच विषयांचे आहेत, त्यामुळे वर्षाच्या टक्केवारीत मराठीचा वाटा एक षष्ठांशाऐवजी एक बारांश उरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रगतिपत्रकावर विषयवार गुण छापावेच लागतात. त्या रकान्याची बेरीज एक सांगते आणि खालची टक्केवारी दुसरेच सांगते, असा कागद पुढच्या शाळेत किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडला की प्रश्न आलाच.

म्हणून विषयवार रीत. आधी प्रत्येक सत्रातला प्रत्येक विषय १०० पैकी करायचा. इंग्रजीचे ८० पैकी ६८ म्हणजे ८५, इथले ७४, सरासरी ७९.५. हिंदीचे ७७.५ आणि ७०, सरासरी ७३.७५. गणित ७५ आणि ६६ चे ७०.५, विज्ञान ७२.५ आणि ६८ चे ७०.२५, सामाजिक शास्त्रे ८० आणि ७१ चे ७५.५. मराठीला एकच माप आहे, ५३, तेव्हा ते दोनाने नव्हे तर एकाने भागायचे, म्हणजे ५३ च. बेरीज ६०० पैकी ४२२.५, टक्के ७०.४२. शाळा विषयाचे गुण पूर्णांकात छापते, त्यामुळे अर्धा वर ओढून ८०, ७४, ७१, ७०, ७६, ५३ असे ४२४ होतात आणि टक्के ७०.६७ छापले जातात. तेही चालेल, मात्र पूर्णांक एकदाच करावा, शेवटी. आधी ७७.५ चे ७८ केले आणि मग सरासरी पुन्हा वर ओढली, असे दोनदा करू नये.

या रीतीतही मुलीवर थोडा अन्याय आहे, हे मान्य करतो. चार महिन्यांत शिकलेल्या मराठीचे ५३ साऱ्या वर्षाचे म्हणून धरले जातात. शिवाय इंदूरचे पेपर सोपे होते की अवघड, हे कुठल्याही सरासरीने कळत नाही, आणि ते कळल्याचा आव आणून शाळेने स्वतःच्या मनाने गुण कमी-जास्त करू नयेत.

आता शाळेने काय केले ते. दुसऱ्या दिवशी मी वर्गशिक्षिकेला भेटलो. तरुण मुलगी आहे, नम्र आहे. तिने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला आणि म्हणाली, "सर, तक्ता असाच मिळालाय मला." तिने इंदूरचे पाच विषय १०० पैकी करून बरोबर भरले होते. मराठीच्या ओळीत पहिल्या सत्राचा रकाना कोरा होता. वार्षिक गुणांचे सूत्र असे होते :

```
=(B7+C7)/2
```

हे सूत्र कोऱ्या रकान्याला शून्य समजते. शून्य अधिक ५३ भागिले दोन, २६.५, पूर्णांकात २७. पूर्णांकातल्या सहा विषयांची बेरीज ४२४ ऐवजी ३९८ झाली आणि टक्के ६६.३३ वर आले. त्या जागी हे हवे :

```
=AVERAGE(B7:C7)
```

हे सूत्र कोरा रकाना मोजतच नाही. पण त्यातही एक मेख आहे, आणि ती मी तिला तिथेच दाखवली. कुणी कोऱ्या जागी ० टाकला, तर तो शून्य मोजला जाईल आणि पुन्हा २६.५ येतील. उलट, परीक्षेला दांडी मारलेल्या मुलापुढे कुणी "गैरहजर" असे अक्षरांत लिहिले, तर हे सूत्र तेही सोडून देईल आणि त्या पठ्ठ्याला एकाच सत्रावर पूर्ण गुण देऊन मोकळे होईल. तेव्हा विषय नव्हता त्याचा रकाना कोरा आणि परीक्षा बुडवली त्याचा शून्य, हा भेद भरणाऱ्या माणसानेच पाळायचा असतो. हाताने निकालपत्रक भरायचो तेव्हा आम्ही नसलेल्या विषयासमोर लाल शाईची आडवी रेघ ओढत असू. त्या रेघेचे काम आता कुणीच करत नाही.

हजेरीत मात्र नियम नेमका उलटा आहे, आणि तिथेही शाळा चुकली आहे. गुणांची बेरीज सरसकट करू नये असे वर म्हटले. हजेरीची सरसकट बेरीजच करावी. दिवस इथला असो की तिथला, दिवस तो दिवसच, त्याचे माप बदलत नाही. इंदूरला तिला कावीळ झाली होती, १२० पैकी ८४ दिवस हजर, म्हणजे ७० टक्के. इथे ८० पैकी ७६, म्हणजे ९५ टक्के. शाळेने दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढून ८२.५ छापले. खरे उत्तर २०० पैकी १६०, म्हणजे ८०. तिथला दाखला निघाल्यापासून इथे नाव दाखल होईपर्यंतचे दिवस कुठल्याच शाळेच्या कामकाजात नाहीत, ते छेदात धरू नयेत.

पालकांना एकच सुचवतो. वर्षाच्या मध्यात शाळा सोडताना नुसता शाळा सोडल्याचा दाखला घेऊन निघू नका. विषयवार मिळालेले गुण, प्रत्येक विषयाचे एकूण गुण आणि हजर दिवस व कामाचे दिवस, हे सगळे असलेले सही-शिक्क्याचे पत्रक मागून घ्या. काही शाळा खालच्या वर्गांना फक्त श्रेणी देतात. ब-१ म्हणजे ७१ ते ८०. त्यातून नव्या शाळेने मधला ७५.५ धरला तर एका विषयात साडेचार गुणांपर्यंतची चूक पोटात घ्यावी लागते, सरासरीत तिची सव्वादोन होते. मूळ गुण शाळेच्या दप्तरात असतात, पण वर्षभराने ते मागायला इंदूरला कोण जाणार?

"नववीच्या टक्क्यांना कोण विचारतो?" असे शेजारी म्हणाले. २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा राज्य मंडळाने दहावीच्या शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरूनच दिले होते. त्या वर्षी कुणाच्या नववीच्या निकालात असा कोरा रकाना शून्य होऊन बसला असेल, तर त्याने पुढे काय केले असेल, असे राहून राहून मनात येते.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच की वार्षिक निकालाच्या सूचनांमध्ये मध्यंतरी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी चार ओळी घालाव्यात : प्रत्येक सत्र विषयवार १०० पैकी करावे, जो विषय आधीच्या शाळेत नव्हता त्याला उपलब्ध सत्राचेच गुण धरावेत, तसा शेरा प्रगतिपत्रकावर लिहावा, आणि हजेरी दिवसांच्या बेरजेवरून काढावी.

आमच्या मुलीचे प्रगतिपत्रक चार दिवसांनी बदलून मिळाले. मराठी ५३, टक्के ७०.६७, शेऱ्याच्या जागी "प्रथम सत्र : मराठी लागू नाही". हजेरी मात्र अजून ८२.५ च आहे. तेवढी आमच्या फायद्याची चूक राहू द्या, असे पुतण्याचे म्हणणे. जूनमध्ये शाळा उघडली की मी पुन्हा जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, कराड