सूचना: जाहिरातीत मागितलेले तपशील मेलमध्येच लिहा

सभासदांनो, ‘एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड मेलमध्येच लिहा’ असं नोकरीच्या जाहिरातीत असेल, तर ‘बायोडेटा जोडला आहे’ एवढ्यावर भागत नाही. मेल वाचणारी व्यक्ती बहुधा हे तपशील एका तक्त्यात उतरवत असते. अटॅचमेंट उघडायची वेळ नंतर येते.

पदाचं नाव सांगणारी दोन वाक्यं आधी लिहा, मग लगेच तपशील. नावं जाहिरातीतलीच, क्रमही तोच, प्रत्येकाला वेगळी ओळ. त्यातल्या काही ओळी अशा:

एकूण अनुभव: ४ वर्षे २ महिने
संबंधित अनुभव: २ वर्षे (जीएसटी रिटर्न)
नोटीस पीरियड: ६० दिवस, राजीनामा दिलेला नाही

घोळ बहुतेक नोटीस पीरियडपाशी होतो. नुसतं ‘६० दिवस’ लिहिलं तर राजीनामा दिलाय की नाही हे कळत नाही. दिला असेल तर शेवटच्या दिवसाची तारीखच टाका. पगार महिन्याचा की वर्षाचा, हातात येणारा की एकूण, हेही तिथेच लिहा. लागू नसलेली ओळ गाळू नका, ‘लागू नाही’ म्हणा. रिकामी जागा विसरल्यासारखी दिसते. तपशिलांचा तक्ता करू नका, मोबाइलवर तो विस्कटतो.

मेलमधले आकडे बायोडेटाशी जुळतात ना, हे पाठवण्याआधी ताडून पाहा.