‘अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल’बद्दल मित्रास पत्र

निपाणी

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला तू केलेला मेल वाचला. ‘अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल, काइंडली कन्फर्म द मशीनिंग अलाउन्स’ असं लिहिलंस आणि तेव्हापासून तो माणूस तुटक बोलतोय. तुझ्या मनात राग नव्हता, हे मला ठाऊक आहे. सरकारी पत्रात वरती ‘संदर्भ’ म्हणून नंबर आणि तारीख असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तीच सवय तुझ्या मेलमध्ये उतरली.

पण मी कागलच्या एमआयडीसीत परचेसला बसतो, असे मेल रोज माझ्यासमोर येतात. या वाक्यातून वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. त्याला ऐकू येतं ते इतकंच: मी सांगितलं होतं, तू वाचलं नाहीस. वर जुना मेल शोधायचं कामही त्याच्याच गळ्यात. त्यात तू त्याच्या साहेबाला सीसीत घातलंस, म्हणजे उघड तक्रारच झाली की रे. ‘अ‍ॅज ऑलरेडी मेन्शन्ड’चंही तसंच.

तुझा पहिला मेल मी नीट पाहिला. ड्रॉइंगची रिव्हिजन, कास्टिंगचा ग्रेड आणि बोअरचा अलाउन्स, तिन्ही प्रश्न एकाच परिच्छेदात आहेत. मोबाइलवर घाईत वाचणारा पहिल्याचं उत्तर देतो आणि बाकीचे निसटतात. त्याने पाठवलेलं उत्तर बघ, फक्त रिव्हिजनबद्दलच आहे. म्हणून जुन्या मेलकडे बोट न दाखवता प्रश्नच पुन्हा लिही:

‘रिव्हिजन कळवल्याबद्दल आभार. दोन गोष्टी अजून हव्या आहेत. कास्टिंगचा ग्रेड कोणता? बोअरला मशीनिंग अलाउन्स 3 मिमी ठेवू की 4? गुरुवारी पॅटर्नचं काम धरतोय, त्यामुळे बुधवारपर्यंत कळलं तर बरं होईल.’

हेच सोप्या इंग्रजीत लिही. जुना मेल खाली जोडायचाच असेल तर ‘आय हॅव अटॅच्ड द अर्लियर मेल फॉर इझी रेफरन्स’ पुरेसं आहे. मुदतीमागचं कारण मात्र गाळू नकोस. नुसतं ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’ लिहिलं तर घाई दिसते, गरज कळत नाही.

जुन्या मेलचा उल्लेख कधीच करू नये असं नाही. ‘आपण 12 तारखेला मंजूर केलेल्या दराप्रमाणे बिल पाठवत आहे’ यात कुणाला टोचत नाही, कारण आधार त्याच्याच शब्दाचा आहे. पैशाचा किंवा रिजेक्शनचा वाद असेल तर तारीख हवीच, फक्त शेरा नको. आणि या नव्या मेललाही उत्तर आलं नाही तर आणखी एक लिहू नकोस. सरळ फोन लाव, आणि बोलणं झालं की ठरलेलं दोन ओळींत मेलवर टाक.

गिऱ्हाईक चांगलं आहे, ते या एका ओळीपायी दुरावलं तर मला फार वाईट वाटेल. नवा मेल आजच पाठव, या वेळी साहेबाला सीसीत न घेता.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप