डंप पाठ करून पास झालेल्याचं पुढे काय होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअरच्या पानावर आयटीच्या सर्टिफिकेशनबद्दल येत असतं, कुठलं करावं, फी किती, नोकरी कुठे वगैरे. डंपबद्दल मात्र कोणी उघड बोलत नाही, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांमध्ये तर सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच असते. मी सीसीएनए म्हणजे नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करून घेतो, दर बॅचला परीक्षेआधी जे बोलतो तेच इथे लिहितोय.

डंप म्हणजे खऱ्या परीक्षेतले प्रश्न कोणीतरी लक्षात ठेवून नाहीतर चोरून बाहेर आणलेले, उत्तरांसकट. हे नियमात बसत नाही, सापडलं तर निकाल रद्द होतो, सर्टिफिकेट काढून घेतात, पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते. पण ही भीती घालून उपयोग नसतो, प्रत्येकाला वाटतं मी थोडाच सापडतोय. म्हणून मी जो सापडत नाही त्याचं काय होतं ते सांगतो.

समजा डंपमध्ये प्रश्न आहे, एका सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यात, ५० होस्ट म्हणजे पीसी-प्रिंटरसारखी यंत्रं हवीत, तर तो तुकडा किती मोठा हे ठरवणारा मास्क कोणता? उत्तर 255.255.255.192. पोराने पाठ केलं, मार्क मिळाले, नोकरीही लागली. आता कामावर तक्रार येते की एका पीसीवर प्रिंटर चालतोय पण सर्व्हर दिसत नाही आणि इंटरनेटही नाही. पीसीचा पत्ता 192.168.10.77, प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा .80, सर्व्हरचा .100, बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या गेटवेचा .126, सगळे एकाच सबनेटमधले. हा आधी केबल बदलतो, मग स्विचचा पोर्ट बदलतो, मग पीसी रीस्टार्ट, आणि शेवटी ‘इंटरनेटवाल्यांचा प्रॉब्लेम आहे’ असं लिहून तिकीट पुढे ढकलतो. अरे पण प्रिंटर चालतोय ना, मग केबल आणि पोर्ट ठीकच असणार! इथेच थांबून पीसीचा पत्ता आणि मास्क दाखवणारं `ipconfig` मारलं असतं तर मास्क 255.255.255.224 दिसला असता, कोणीतरी हाताने पत्ता टाकताना चुकलंय.

मास्कच्या शेवटी .192 असला की एका सबनेटमध्ये ६४ पत्ते येतात, त्यामुळे .77 चं सबनेट .64 ते .127. पहिला आणि शेवटचा सोडला की ६२ वापरता येतात, म्हणून तर ५० होस्ट बसतात. .224 ला पत्ते फक्त ३२, म्हणजे या पीसीच्या मते आपलं सबनेट .95 लाच संपतं. प्रिंटर .80 वर, तो आत येतो म्हणून चालतो. सर्व्हर बाहेर पडला, म्हणून पीसी त्याला गेटवेमार्फत गाठायला बघतो, आणि गेटवे .126 तोही याच्या हिशोबात बाहेरच, मग पॅकेट देणार कोणाला? मास्क दुरुस्त केला की काम झालं, दोन मिनिटांचं. आणि गंमत म्हणजे यासाठी लागणारं गणित त्या ५० होस्टच्या प्रश्नातच होतं, यानं फक्त उत्तर उचललं.

आता कोणी म्हणेल नोकरीत शिकेल की. इथेच खरी गोम आहे. सर्टिफिकेट नसलेला नवा मुलगा सीनिअरला बिनधास्त विचारतो, दादा हा मास्क म्हणजे काय हो, आणि कोणीतरी समजावतं पण. सर्टिफिकेटवाल्याने तेच विचारलं की समोरचा बघतच राहतो, मग हा दुसऱ्यांदा विचारतच नाही. जमत नाही ते काम टाळतो, तिकीट पुढे ढकलत राहतो, टीमच्याही ते लक्षात येतं आणि हळूहळू अवघड काम त्याच्याकडे यायचंच बंद होतं. कोणी काढून टाकत नाही हो, नुसतं वगळतात. नोकरी बदलायला गेला तर इंटरव्ह्यूवाला आकडे बदलून विचारतो नाहीतर सरळ बोर्डवर काढायला लावतो, तिथे पर्याय क्रमांक क नसतोच.

आणि डंपमधली उत्तरं बरोबरच असतात असंही नाही. कोणीतरी आठवून लिहिलेली असतात, सोबत कारण दिलेलं नसतं, त्यामुळे चूक पकडायची कशी? चुकीचं उत्तर पाठ झालं की ते वर्षानुवर्षं डोक्यात राहतं.

सराव प्रश्नांना माझा विरोध नाही, प्रत्येक पर्याय का बरोबर नि का चूक हे सांगणारा संच जरूर सोडवा. माझ्या बॅचचा नियम एवढाच की प्रश्न सुटला की त्यातला आकडा बदलायचा आणि परत सोडवायचा, ५० चे ७० होस्ट केले तर .192 चालेल का? नाही चालणार, का ते सांगता आलं तर पुढचा प्रश्न, नाहीतर परीक्षेची तारीख पुढे. आणि जे डंपवर पास होऊन आधीच कामाला लागलेत त्यांनी घरी पॅकेट ट्रेसर हे पीसीवरच नकली नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर टाकून घ्या, फुकट मिळतं, वरचीच चूक मुद्दाम करून बघा आणि समोरच्या यंत्रापर्यंत पोहोचता येतं का ते तपासणारा `ping` कुठे चालतो कुठे अडतो ते कागदावर लिहून काढा.

आपला,
नेटवर्किंग शिकवणारा एक वाचक