इसबगोल कधी घ्यायचं, तेही छापा

माननीय संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला इसबगोलावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्या, एवढं ठळक छापलंत. त्या वेळी घरोघरची म्हातारी माणसं थायरॉईडची गोळी घेत असतात, हे लेखिकाबाईंच्या लक्षात कसं आलं नाही?

माझ्या आईचं सांगते. वय ६८, गोळी ७५ मायक्रोग्रॅमची, रक्त तपासणीतला टीएसएच, जो गोळी कमी पडली की वाढतो आणि जास्त झाली की उतरतो, दोन वर्षं तीनच्या आत. बद्धकोष्ठतेसाठी कुणीतरी इसबगोल सुचवलं. तीन महिन्यांनी टीएसएच ९.८! पाय जड, दिवसभर झोप. गोळी एक दिवसही चुकली नव्हती, तरी डोस १०० झाला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी नेमकी कशी घेता?" आई म्हणाली, "जिभेवर ठेवते आणि वरून इसबगोलाचा पेला पिते. पाणी दोनदा कशाला?"

तो पेला दहा मिनिटं तसाच ठेवून बघा. चमचा हलवताना जड लागतो, इतकी दाट खळ होते. पोटातही तेच होतं. गोळीतलं औषध त्या खळीत अडकतं, आतड्यातून रक्तात शिरायचं ते काही प्रमाणात तसंच पुढे सरकतं. प्रत्येकाला सारखा फरक पडतो असं नाही, पण थायरॉईडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, तिथे थोडी घटही रिपोर्टात दिसते.

आता सकाळी सहाला नुसत्या पाण्याबरोबर गोळी आणि तासाभराने चहा. इसबगोल संध्याकाळी पाचला, पेलाभर पाण्यातून. रात्री ठेवलं नाही, कारण नऊला कोलेस्टेरॉलची गोळी असते. इतर गोळ्यांपासून निदान दोन तास आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गंमत नाही, खरा धोका त्यानंतरच होता. अडथळा गेला, पण डोस १०० चाच राहिला. आईला धडधडायला लागलं, झोप उडाली. दोन महिन्यांनी तपासलं तर टीएसएच ०.२. डॉक्टरांनी पुन्हा ७५ वर आणलं तेव्हा कुठे २.६ झाला. म्हणून ज्यांचा डोस इसबगोल सुरू असताना वाढला असेल त्यांनी नुसती वेळ बदलून थांबू नये. डॉक्टरांना सांगावं आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावं. लेखात याबद्दल एक ओळ नव्हती. पुढच्या पुरवणीत ती तितक्याच ठळक अक्षरात छापा, ही विनंती.

आणखी एक. आमच्याकडचे औषधवाले पट्टी कापून दहाऐवजी सहा गोळ्या देतात आणि नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर राहतं. कुठली गोळी कुठल्या वेळेची, हे म्हाताऱ्या माणसाने ओळखायचं कसं? आईच्या डबीत असे तीन बिननावाचे तुकडे आजही पडलेले आहेत.

आपली,
एक वाचक, सांगली